मागील इतिवृत्तातली कामं हरवू नयेत म्हणून: पाच सभांच्या नोंदी

१२ जानेवारी

परवाच्या ४१व्या सभेत विषय क्रमांक ३, म्हणजे ‘मागील इतिवृत्तातून उद्भवणारे विषय’, पन्नास मिनिटं चालला. सभा एकूण दोन तासांची. एवढं बोलूनही शेवटी खजिनदारांनी विचारलं, “आग विझवायचे सिलिंडर भरून घ्यायचे ठरलं होतं, त्याचं काय झालं?” कुणालाच सांगता येईना. सभा संपल्यावर आम्ही दोघांनी जाऊन सिलिंडरवरची चिठ्ठी पाहिली. मुदत संपून दोन महिने झाले होते.

मी आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीची सहसचिव. अकरा सदस्य, महिन्याला एक सभा. घरी येऊन जुनी इतिवृत्तं काढली आणि सिलिंडरचा माग काढला. ३६व्या सभेत काम ठरलं, एका सदस्याकडे दिलं. ३७व्या सभेत ‘काम चालू आहे’ अशी नोंद. ३८व्या सभेला ते सदस्य आले नव्हते, त्यामुळे विषय निघाला नाही आणि ३८च्या इतिवृत्तात त्याचा उल्लेख आला नाही. ३९व्या सभेत आम्ही नेहमीप्रमाणे ‘मागील इतिवृत्त’ म्हणजे ३८चं वाचलं. त्यात सिलिंडर नव्हतेच. तिथे ते काम गळलं. कुणी विसरलं असं म्हणता येणार नाही, कारण आठवण करून देणारा कागदच त्या दिवशी कोरा होता.

दोष पद्धतीत आहे. आपण प्रत्येक वेळी एकच सभा मागे पाहतो. एका सभेत काम अनुल्लेखित राहिलं की पुढच्या सभेला ते दिसायचं कारण उरत नाही. म्हणून कामांची एक सलग वही ठेवायची ठरवली आहे. चुकांसकट इथे लिहीत जाईन, दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडेल.

१९ जानेवारी

वहीची सुरुवात कुठून करायची हा पहिला प्रश्न. ३०व्या सभेपर्यंत मागे जायचं ठरवलं, म्हणजे बारा इतिवृत्तं. छापून घेतली आणि पेन्सिलने ‘करावे’, ‘विचारावे’, ‘कळवावे’, ‘पाहावे’ अशी जिथे जिथे क्रिया आली ती वाक्यं अधोरेखित केली. तीन संध्याकाळी मिळून नऊ तास गेले.

७४ वाक्यं निघाली. त्यांतली १६ कामं नव्हतीच. ‘याबाबत सर्वांनी दक्ष राहावे’ हे वाक्य ऐकायला काम वाटतं, पण ते कधी पूर्ण झालं असं कुणीच म्हणू शकणार नाही. कसोटी मी साधी ठेवली: हे झालं की नाही हे तिसरा माणूस बाहेरून पाहून सांगू शकेल का? नसेल तर ते वहीत नाही. उरलेल्या ५८ मध्ये ११ वाक्यं जुन्याच कामांची पुनरुक्ती होती. वेगवेगळी कामं ४७. त्यांपैकी २५ पूर्ण झाल्याची नोंद इतिवृत्तांतच सापडली. २२ कामांचा शेवट कुठेच लिहिलेला नव्हता.

या २२ कामांबद्दल मी एकेकाला फोन केले. नऊ कामांबद्दल उत्तर आलं, “ते केव्हाच झालं की.” मी ती नऊ खोडली आणि १३ कामांची यादी खजिनदारांना दाखवली. त्यांनी एकच विचारलं: “ही नऊ बंद केली कुणी? सभेने की तुम्ही?”

त्यांचं बरोबर होतं. काम सभेने दिलं आहे, तर ते झालं हेही सभेनेच मान्य करायला हवं. माझ्या फोनवरच्या बोलण्याला इतिवृत्तात काही आधार नाही. आणि त्या नऊमधलं एक काम प्रत्यक्षात झालेलंच नव्हतं. बँक खात्यावरची एक सही बदलायची होती. संबंधित सदस्य म्हणाले झालं, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी अर्ज भरून दिला होता. त्यांच्या लेखी काम म्हणजे अर्ज देणं. खजिनदारांनी बँकेत विचारलं, तर जुनीच सही चालू होती, कारण अर्जासोबतचं एक कागदपत्र कमी पडलं होतं आणि तसं कळवणारं पत्र कुणी उघडलं नव्हतं.

म्हणून आरंभीची शिल्लक २२ धरली आहे. नऊ कामं पुढच्या सभेपुढे ‘बंद करण्याचा प्रस्ताव’ म्हणून जातील, पण ती आज उघडीच.

२५ जानेवारी

वही स्प्रेडशीटमध्ये केली. रकाने असे: कामाचा क्रमांक, कोणत्या सभेत ठरलं, काम काय, जबाबदार कोण, मुदत, स्थिती, कशावरून झालं म्हणायचं, आणि कोणत्या सभेत बंद झालं.

क्रमांकाने एक संध्याकाळ खाल्ली. मी सभा आणि अनुक्रम तिरकी रेघ देऊन लिहीत होते, `30/4`, `31/3`, `36/4` असे. यादी क्रमाने लावली तर ३० आणि ३१व्या सभेची कामं कुठल्या कुठे जाऊन बसली. स्प्रेडशीटने `30/4` ची ३० एप्रिल ही तारीख करून टाकली होती आणि `36/4` ला तारीख होता येत नसल्याने ते तसंच सोडलं होतं. निम्मे क्रमांक तारखा, निम्मे मजकूर. आता क्रमांक अक्षराने सुरू होतो: स३६-०४, म्हणजे ३६व्या सभेतलं चौथं काम. मधलं शून्य मुद्दाम आहे. ते नसेल तर दहावं काम दुसऱ्याच्या आधी येतं.

हा क्रमांक कामाला जन्मभर चिकटलेला राहतो. काम पुढच्या सभेत गेलं म्हणून त्याला नवा क्रमांक नाही. आधीच्या इतिवृत्तांत हेच चुकत होतं: ३६मध्ये जो विषय ‘४’ होता तो ३७मध्ये ‘३(आ)’ झाला. एकच काम दोन सभांत ओळखताच येत नव्हतं.

जबाबदार या रकान्यात एकच नाव. जुन्या इतिवृत्तांत पाच ठिकाणी ‘सचिव व खजिनदार’ असं होतं आणि पाचही ठिकाणी दोघांनाही वाटत होतं की दुसरा करतोय. दोघांनी मिळून करायचं काम असू शकतं, पण सभेत उठून उत्तर देणारा एकच हवा.

मुदतीचा रकाना भरताना कळलं की २२पैकी १४ कामांना मुदतच दिलेली नव्हती. ‘लवकरात लवकर’, ‘यथावकाश’ असे शब्द होते. मी सरसकट पुढच्या सभेची तारीख टाकली. ही चूक आहे हे त्याच रात्री लक्षात आलं, कारण पुढच्या सभेच्या दुसऱ्या दिवशी चौदाच्या चौदा कामं ‘मुदत टळलेली’ म्हणून लाल होणार होती आणि त्या लाल रंगाला काही अर्थ उरणार नव्हता. ती मुदत पुसली. प्रत्येकाला विचारून त्याची स्वतःची तारीख घेते आहे.

८ फेब्रुवारी

४२वी सभा १४ तारखेला. एक फेब्रुवारीला सगळ्यांच्या एकत्रित गटावर पूर्ण यादी टाकली आणि लिहिलं, ‘कृपया आपापल्या कामांची सद्यःस्थिती कळवावी.’ सहा दिवसांत तीन उत्तरं आली. बावीस ओळींत आपल्या दोन ओळी शोधायचं काम मी लोकांवर टाकलं होतं.

काल प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवला. त्यात फक्त त्याची कामं आणि प्रत्येक कामाखाली तीन प्रश्न: काय झालं, काय उरलं, उरलेलं कोणत्या तारखेपर्यंत. ‘काम कुठवर आलं’ असं मुद्दाम विचारलं नाही. त्याला ‘चालू आहे’ एवढंच उत्तर येतं आणि ते उत्तर मी ३७व्या सभेत सिलिंडरबद्दल लिहून घेतलं होतं. आज सकाळपर्यंत आठ जणांकडून पूर्ण उत्तरं आली आहेत.

१५ फेब्रुवारी

४२वी सभा झाली आणि अहवालाच्या बाबतीत फसली.

तीन पानांचा तक्ता केला होता. बावीस ओळी, वरपासून खालपर्यंत मी वाचत गेले. प्रत्येक ओळीवर कुणीतरी काहीतरी बोललं, कारण वाचलं की बोलायचं असंच सगळ्यांना वाटतं. जून महिन्याची मुदत असलेल्या कामावर आठ मिनिटं चर्चा झाली. विषय ३ला पंचावन्न मिनिटं लागली, आधीपेक्षा पाच जास्त. अध्यक्षांनी शेवटचे दोन विषय पुढच्या सभेवर ढकलले आणि नाराजी लपवली नाही.

आणखी एक गोंधळ झाला. मागील इतिवृत्त कायम करताना एका सदस्याने वर्गणीचा निर्णयच चुकीचा आहे म्हणून चर्चा सुरू केली. इतिवृत्त कायम करणं म्हणजे झालं ते बरोबर लिहिलंय की नाही एवढंच पाहणं. निर्णय बरोबर होता की नाही हा तिथला प्रश्न नाही, आणि तो ‘उद्भवणारे विषय’ यातही बसत नाही. ज्याला निर्णय पुन्हा उघडायचा आहे त्याने तो विषयपत्रिकेवर स्वतंत्र विषय म्हणून द्यावा. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. न बोलल्यामुळे वीस मिनिटं गेली आणि कुणाचीच तयारी नसलेल्या विषयावर मतं मांडली गेली.

जमेची बाजू: ‘झालं’ म्हटलेल्या नऊपैकी आठ कामं सभेने पुरावा पाहून बंद केली. सिलिंडर गेल्याच आठवड्यात भरून आले, त्यांच्यावरच्या नव्या चिठ्ठीचा फोटो दाखवला, ते नववं. सहीचं काम उघडंच राहिलं. सभेत सहा नवी कामं ठरली.

२२ फेब्रुवारी

अहवालाची रचना बदलायला खजिनदारांसोबत बसले. त्यांचं म्हणणं असं की रोजकीर्दीत कुणी सगळ्या नोंदी मोठ्याने वाचत नाही. आरंभीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक जुळली की पुढे जातात, आणि जिथे शंका आहे तेवढीच नोंद उघडतात. कामांचंही तसंच करता येईल.

म्हणून अहवालाची पहिली ओळ आता हिशेबाची आहे:

मागील बाकी २२, बंद ९, नवीन ६, पुढे ओढलेली बाकी १९.

त्याखाली तीनच गट, सगळं मिळून एक पान. पहिला गट बंद करण्यासाठी मांडलेल्या कामांचा, प्रत्येकासमोर पुरावा. दुसरा मुदत टळलेल्यांचा. तिसरा मुदत वाढवून मागितलेल्यांचा, कारणासह. ज्या कामांची मुदत अजून आलेली नाही ती फक्त सोबतच्या यादीत, ती वाचायची नाहीत. कुणाला त्यांतलं एखादं उघडायचं असेल तर सभेच्या दोन दिवस आधी मला सांगायचं. आणि ज्या कामावर विषयपत्रिकेत वेगळा विषय आहेच, त्याच्यापुढे ‘विषय ७ मध्ये पाहावे’ एवढंच. नाहीतर तीच चर्चा दोनदा होते आणि दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

बाकी काढायला हे सूत्र. `B` मध्ये काम ठरलेल्या सभेचा क्रमांक, `H` मध्ये बंद झालेल्या सभेचा:

```
=COUNTIF(B:B,"<=42")-COUNTIF(H:H,"<=42")
```

हे कोणत्याही जुन्या सभेसाठी पुन्हा काढता येतं, म्हणून मला ‘रिकाम्या ओळी मोजा’ या प्रकारापेक्षा बरं वाटतं. पण खजिनदारांची एक अट आहे आणि ती मी मान्य केली: जुळवणीची दुसरी बाजू वहीतून घ्यायची नाही. बंद किती आणि नवीन किती हे इतिवृत्ताच्या मसुद्यातून हाताने मोजायचं आणि मग सूत्राच्या उत्तराशी ताडायचं. दोन्ही आकडे एकाच जागेतून आले तर ते नेहमीच जुळतील.

१६ मार्च

४३वी सभा १४ला झाली. विषय ३ अठरा मिनिटांत आटोपला. पण आज लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

काल रात्री इतिवृत्ताचा मसुदा घेऊन हाताने मोजलं. मागील बाकी १९, बंद ७, नवीन ५, म्हणजे बाकी १७ हवी. सूत्राने १६ सांगितली.

पहिल्यांदा वाटलं मोजण्यात चूक आहे. पुन्हा मोजलं, १७च. मग बंद झालेली सात कामं एकेक करून वहीत पाहिली, सातही बरोबर होती. नवीन पाच पाहायला गेले तर वहीत ४३व्या सभेची चारच कामं. पाचवं ‘सामान ठेवण्याच्या खोलीच्या मालकांकडे करार तीन महिने वाढवून मागावा’ हे होतं. ते वहीत होतं, पण स३९-०२ या जुन्या क्रमांकावर.

काय झालं ते तेव्हा आठवलं. सभेतून आल्यावर मी नोंदी करत होते. त्याच खोलीच्या कराराचं जुनं काम दिसलं, मला वाटलं तेच पुढे सरकलंय, आणि मी त्याच ओळीतला मजकूर पुसून नवा लिहिला. जुन्या ओळीत काय होतं हे पाहायला शीटची आधीची आवृत्ती उघडली. तिथे होतं: ‘नव्या कराराचा मसुदा वकिलांकडून तपासून घ्यावा.’ ही दोन वेगळी कामं आहेत. मुदतवाढ मागितली म्हणून मसुदा तपासायचा राहात नाही, उलट वाढवून मिळालेले तीन महिने त्यासाठीच आहेत. जुळवणी केली नसती तर तीन महिन्यांनी आम्ही न तपासलेल्या मसुद्यावर सही करायला बसलो असतो, आणि वहीत मात्र सगळं व्यवस्थित दिसलं असतं.

हे सापडायला चाळीस मिनिटं लागली. सिलिंडर हरवले हे कळायला पाच महिने लागले होते.

आता नियम केला आहे की कामाचं वर्णन एकदा लिहिलं की बदलायचं नाही. जुनं काम नव्यात खरोखरच मिसळत असेल तर जुनं ‘स४३-०५ मध्ये समाविष्ट’ असं म्हणून सभेपुढे बंद करायचं आणि नवं वेगळ्या ओळीत उघडायचं. वर्णनाचा रकाना कुलूपबंद करून ठेवला आहे. दुरुस्ती करायचीच असेल तर कुलूप काढावं लागतं, तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो.

३० मार्च

मुदतीच्या रकान्याने फसवलं.

मुदत टळलेल्या कामांची यादी काढली तर छोटी आली, फक्त चार. बरं वाटलं. मग लक्षात आलं की मुदत वाढवली की मी त्याच रकान्यात नवी तारीख टाकते आहे, त्यामुळे वाढवलेलं प्रत्येक काम आपोआप वेळेवर असलेलं दिसतं. ‘संस्थेच्या मालमत्तेची यादी करणे’, स३७-०३, हे काम कागदोपत्री अकरा एप्रिलच्या मुदतीचं आणि अगदी सुरळीत. इतिवृत्तं उलगडून पाहिली तर ते चार वेळा पुढे गेलेलं आहे.

आता दोन रकाने आहेत, ‘मूळ मुदत’ आणि ‘सुधारित मुदत’, आणि तिसऱ्यात ‘किती वेळा पुढे’. मूळ मुदत कधीही बदलत नाही. जुन्या कामांसाठी हे भरायला पुन्हा इतिवृत्तं चाळावी लागली, दोन तास. सुरुवातीलाच केलं असतं तर हे वाचले असते.

१२ एप्रिल

४४वी सभा. मालमत्तेच्या यादीवर नीट बोलणं झालं. चारही वेळा दिलेली कारणं खरी होती: एकदा आजारपण, एकदा परगावी जाणं, दोनदा खोलीची किल्ली न मिळणं. प्रत्येक कारण स्वतंत्रपणे रास्त होतं, म्हणून प्रत्येक सभेने सहज मुदत दिली. ‘किती वेळा पुढे’ समोर ‘४’ दिसल्यावरच कुणीतरी विचारलं की हे एका माणसाचं काम आहे का. नव्हतं. खोली, कार्यालय आणि विजेची उपकरणं अशा तीन वेगळ्या याद्या, तीन वेगळ्या माणसांकडे किल्ल्या. काम तोडून तिघांना दिलं. स३७-०३ ‘विभागले’ म्हणून बंद, आणि ४४व्या सभेच्या क्रमांकाने तीन नवीन.

सभेने यावरून ठरवलं की तिसऱ्यांदा पुढे जाणारं काम नुसतं पुढे ढकलता येणार नाही. त्याचे तुकडे करायचे, माणूस बदलायचा, कारण इतिवृत्तात लिहून नवी तारीख द्यायची, किंवा ते रद्द करायचं. रद्द करणं सगळ्यांना जड जातं. दोन कामं आता गरज नाही म्हणून रद्द केली, तेव्हा एका सदस्याने हरकत घेतली की आपण अपयश झाकतोय. मला वाटतं, न करण्याचा निर्णय कारणासह लिहिला तर काही झाकलं जात नाही. झाकलं जातं ते काम न बोलता यादीतून गळल्यावर. त्यांची हरकतही इतिवृत्तात घेतली.

गैरहजर सदस्यांचंही ठरलं. लेखी माहिती आली तर ती वाचायची. आली नाही तर त्या कामापुढे ‘माहिती आली नाही’ असं लिहायचं आणि ते तसंच इतिवृत्तात उतरायचं. ओळ कोरी सोडायची नाही. ३८व्या सभेत हीच एक ओळ कोरी राहिली होती.

बँकेच्या सहीचं काम आज बंद झालं, बँकेच्या लेखी पत्रावर. मधल्या काळात त्याची स्थिती ‘उत्तराची वाट’ अशी होती. बाहेरच्या कुणावर अवलंबून असलेल्या कामाला ही स्थिती लावते, पण तिच्यासोबत पुढची आठवण कधी करायची ती तारीख सक्तीची. ती नसली की वाट पाहणं हेच काम होऊन बसतं.

हिशेब: मागील बाकी १७. बंद ६, त्यांत तीन पूर्ण, दोन रद्द, एक विभागलेलं. नवीन ७, त्यांत तुकड्यांची तीन. पुढे ओढलेली बाकी १८. बाकी एकने वाढली म्हणून आपण मागे पडतोय का, असं अध्यक्षांनी विचारलं. मी त्यांना बाकीऐवजी ‘किती वेळा पुढे’ हा रकाना दाखवला: तीन किंवा अधिक वेळा पुढे गेलेली कामं मागच्या सभेत पाच होती, आता दोन आहेत. काम तोडलं की बाकी वाढतेच, त्यात वाईट काही नाही. नुसत्या बाकीवर नजर ठेवली तर लोक कामं तोडायचं टाळतील.

११ मे

४५व्या सभेला मी नव्हते. सचिवांनी वही आणि अहवाल घेऊन सभा चालवली. माझ्याशिवाय हे चालतं का याची ही पहिलीच परीक्षा होती.

अहवाल व्यवस्थित गेला, वीस मिनिटं लागली. अडलं ते नंतर. सचिवांनी सभा चालू असतानाच वहीत कामं बंद करत नेली, आणि इतिवृत्तात लिहिलं, ‘कार्यवाहीच्या अहवालाची सभेने नोंद घेतली.’ एवढंच. वही सांगते पाच बंद. इतिवृत्तात एकाचाही क्रमांक नाही. जुळवायची दुसरी बाजूच उरली नाही.

सचिवांशी फोनवर बसून पाचही कामं आठवून पाहिली. चारांवर सभेने होकार दिला होता. पाचवं, जुन्या कागदपत्रांच्या प्रती काढायचं, बंद करण्यासाठी मांडलं गेलं होतं, पण कुणीतरी म्हणालं की दोन वर्षांच्या फाइली राहिल्यात आणि चर्चा पुढच्या विषयाकडे वळली. सचिवांनी मांडताक्षणीच खूण केली होती, ती काढायची राहून गेली. ते काम पुन्हा उघडलं. मागील बाकी १८, बंद ४, नवीन ३, पुढे १७. मसुदा अजून सदस्यांकडे गेलेला नव्हता, म्हणून दुरुस्त करता आला. कायम झाल्यावर कळलं असतं तर पुढच्या सभेत रीतसर दुरुस्ती मांडावी लागली असती.

आता विषय ३चा परिच्छेद ठरावीक ठेवला आहे आणि तो वहीच्याच पहिल्या पानावर चिकटवला आहे, म्हणजे जो कुणी सभा चालवेल त्याला फक्त रिकाम्या जागा भरायच्या आहेत. ४५व्या सभेचा दुरुस्त मजकूर असा झाला:

‘मागील बाकी १८ कामे. स४२-०१, स४२-०६, स४३-०३ व स४४-०५ ही कामे पुरावा पाहून बंद करण्यात आली. स४०-०२ बंद करण्याचा प्रस्ताव दोन वर्षांच्या फाइली शिल्लक असल्याने मान्य झाला नाही, सुधारित मुदत १३ जून. स४४-०७ बाबत माहिती आली नाही. या सभेत ३ नवीन कामे ठरली. पुढे ओढलेली बाकी १७.’

वहीत खूण करण्याची वेळही बदलली. सभेत फक्त कागदावर टिपायचं, आणि वही इतिवृत्ताचा मसुदा तयार झाल्यावर त्यावरून भरायची.

स३९-०२, कराराचा मसुदा, वकिलांकडे गेला आहे. मुदतवाढ १४ जूनला संपते. त्यांना आठवण करायची तारीख २५ मे टाकली आहे, आणि मसुदा तपासून न आल्यास १३ जूनच्या सभेत काय करायचं हे विषयपत्रिकेवर वेगळा विषय म्हणून घ्यायला अध्यक्षांना आजच लिहिलं.